वीस तारीख आणि तुटलेली फायबर

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी 55 फुटांच्याही वर गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, व्यापारी पेठा बुडाल्या आणि कोल्हापूरचा बाहेरच्या जगाशी संबंध कित्येक दिवस तुटला. त्या काळात जीएसटीची विवरणपत्रे वेळेवर भरणे कोणाच्याच हाती नव्हते. केंद्र सरकारनेही ते ओळखले आणि पूरग्रस्त जिल्ह्यांना, त्यांत कोल्हापूरलाही, जुलै महिन्याच्या जीएसटीआर-3बी विवरणपत्रासाठी 20 सप्टेंबरपर्यंत मुदत वाढवून दिली.

महापूर सर्वांना दिसतो, म्हणून मुदत मिळते. गल्लीच्या तोंडाशी नळाच्या कामासाठी खोदाई करणाऱ्या यंत्राने वीस तारखेला दुपारी फायबरची तार तोडली, तर ते फक्त त्या गल्लीला कळते. त्यासाठी कोणतीही अधिसूचना निघत नाही. विलंब शुल्क दिवसाला 50 रुपये आणि थकलेल्या करावर वार्षिक 18 टक्के व्याज, हा हिशेब दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. शिवाय ग्राहकाने विश्वासाने सोपवलेले काम वेळेत झाले नाही, ही बोच राहते ती वेगळीच.

आपल्या समाजात घरातूनच कार्यालय चालवणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. करसल्लागार, विमा प्रतिनिधी, गुळाचे वा कापडाचे घाऊक व्यापारी अशांच्या घरी पुढच्या खोलीत तीन-चार संगणक असतात आणि त्या सर्वांचा श्वास एका ब्रॉडबँड जोडणीवर अवलंबून असतो. राजारामपुरीतील असे एक घर उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणू. घरमालक करसल्लागार आहेत, हाताखाली सून आणि दोन साहाय्यक आहेत. चार संगणक, एक छपाई यंत्र, दारावर आणि जिन्यात मिळून दोन कॅमेरे, आणि आतल्या खोल्यांत कुटुंबाचे पाच-सहा मोबाइल, असा सगळा संसार एकाच वाय-फायवर चालतो.

जोडणी तुटली की अशा घरात पहिली हाक ठरलेली असते, "अण्णा, तुमच्या फोनचं हॉटस्पॉट चालू करा!" एका माणसाच्या एका तासाच्या कामासाठी हा उपाय ठीक आहे. कार्यालयासाठी मात्र तो लगेच अपुरा पडतो, आणि त्याचे कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. टॅलीची माहिती एका संगणकावर असते व बाकीचे संगणक कार्यालयाच्या जाळ्यातून तिच्यापर्यंत पोहोचतात. छपाई यंत्रही त्याच जाळ्यात असते. एखादा संगणक फोनच्या हॉटस्पॉटवर नेला की त्याला इंटरनेट मिळते, पण तो कार्यालयाच्या जाळ्याबाहेर पडतो. मग टॅली उघडत नाही, छपाई होत नाही, आणि दोन्ही बाजूंनी येरझाऱ्या घालण्यात दुपार संपते. त्यातच अण्णांना बाहेर जावे लागले, तर हॉटस्पॉटही त्यांच्याबरोबर जिना उतरते.

म्हणून पर्यायी जोडणी संगणकाला न देता राउटरला द्यावी. संगणक आपल्या जागी, आपल्याच जाळ्यात राहतात. बाहेर जायची वाट कोणती, हे राउटर ठरवतो. यासाठी दोन रचना प्रचलित आहेत. पहिल्या रचनेत सिमकार्डाची खाच आणि फायबरच्या तारेसाठी स्वतंत्र जागा, असे दोन्ही असलेला एकच फोर-जी राउटर घेतात. दुसऱ्या रचनेत बाहेरच्या दोन जोडण्या घेणारा राउटर असतो आणि सिमकार्डाचा राउटर त्याच्या दुसऱ्या तोंडाला जोडतात. लहान कार्यालयाला पहिली पुरते. मात्र खरेदी करताना दुकानदाराला एक प्रश्न नेमका विचारावा: फायबर बंद पडल्यावर हा राउटर आपणहून सिमवर जातो का आणि फायबर आल्यावर आपणहून परत येतो का? काही राउटरांत दोन्ही सोयी असतात, पण त्यांतली कोणती वापरायची हे दर वेळी हाताने बदलावे लागते. डब्यावरच्या चित्रावरून हा फरक कळत नाही.

राउटरच्या पडद्यावर `Failover` किंवा `Backup` असा पर्याय असतो. त्याच्या शेजारी `Load Balance` हा पर्यायही काही राउटरांत दिसतो. दोन्ही जोडण्या एकाच वेळी वापरल्या तर वेग वाढेल, या मोहाने तो निवडू नये. त्यामुळे मोबाइलचा डेटा रोजच खर्च होतो. शिवाय एकाच संगणकाची विनंती कधी एका पत्त्यावरून तर कधी दुसऱ्या पत्त्यावरून गेल्याने बँकेची संकेतस्थळे संशय घेऊन बाहेर काढतात.

आता या व्यवस्थेचे मर्म असलेला भाग पाहू. फायबर तुटली आहे, हे राउटरला कळते कसे? पुष्कळांची समजूत अशी की तार तुटली म्हणजे राउटरला आपोआप समजते. प्रत्यक्षात घरात दोन पेट्या असतात. ब्रॉडबँड कंपनीने भिंतीवर लावलेल्या पेटीत फायबर येते आणि तिच्यातून साध्या तारेने जोडणी आपल्या राउटरकडे जाते. रस्त्यावर फायबर तुटली की कंपनीच्या पेटीवर `LOS` असे लिहिलेला लाल दिवा लागतो. पण त्या पेटीपासून आपल्या राउटरपर्यंतची दोन फुटांची तार शाबूत असते, दोन्ही टोकांचे हिरवे दिवे लागलेले असतात, आणि राउटर समजतो की सर्व कुशल आहे. कधी कधी तर लाल दिवाही लागत नाही. फायबर ठीक असते, पण पुढे कंपनीच्या केंद्रातच बिघाड असतो. केवळ तारेकडे पाहून निर्णय घेणारा राउटर अशा वेळी दिवसभर मृत वाटेवर उभा राहतो आणि खिशातले सिमकार्ड तसेच पडून राहते.

त्यावरचा उपाय म्हणजे राउटरला दूरच्या एखाद्या ठिकाणाची हाक घ्यायला लावणे. दर पाच सेकंदांनी त्याने `8.8.8.8` आणि `1.1.1.1` या दोन सार्वजनिक पत्त्यांना फायबरच्या वाटेने विचारावे, "आहात का?" दोन्हींकडून सलग पाच वेळा उत्तर आले नाही, तरच फायबर गेली असे मानावे. म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटात बदल होतो. एकाच पत्त्यावर विसंबू नये, कारण तो पत्ताच क्षणभर गप्प राहिला तर विनाकारण बदल होईल. ब्रॉडबँड कंपनीच्या स्वतःच्या पत्त्याला विचारण्यातही अर्थ नाही. कंपनीच्या दारापर्यंत रस्ता असतो आणि त्यापुढचा तुटलेला असतो, हा प्रसंग नेहमीचा आहे.

परतीच्या वाटेला मात्र उलट धोरण ठेवावे. तार जोडणारा कारागीर काम करत असताना जोडणी येते, जाते, पुन्हा येते. तिच्या प्रत्येक झुळकीबरोबर राउटर इकडून तिकडे गेला, तर कोणतेच काम पूर्ण होत नाही. म्हणून फायबर सलग पाच मिनिटे नीट चालली की मगच परत यावे, अशी नोंद करावी. काही राउटरांत परतणे हाताने करण्याचाही पर्याय असतो. वीस तारखेच्या दुपारी तो अधिक शहाणपणाचा.

बसवतानाची एक चूक फार आढळते. कंपनीची भिंतीवरची पेटी स्वतःचे वाय-फायही देत असते आणि घरातली सर्व उपकरणे वर्षानुवर्षे त्यालाच जोडलेली असतात. नवा राउटर येतो, त्यात सिम बसते, पण संगणक जुन्याच वाय-फायवर राहतात. फायबर तुटल्यावर नवा राउटर कर्तव्य चोख बजावतो, फक्त त्याच्यामागे कोणीच नसते. जुने वाय-फाय बंद करून सर्व उपकरणे नव्या राउटरवर आणणे, हे कामाचे अर्धे अंग आहे. त्याच वेळी दोन्ही पेट्यांचे अंतर्गत पत्ते वेगळे आहेत याची खात्री करावी. दोघींचाही `192.168.1.1` असेल तर गोंधळ होतो. नव्या राउटरला `192.168.10.1` दिला की प्रश्न मिटतो.

सिमकार्ड निवडताना बँकेच्या व्यवहारांशी बांधलेला क्रमांक राउटरमध्ये कधीही घालू नये. त्या क्रमांकावर येणारा ओटीपी मग राउटरच्या पोटात जातो आणि कर भरण्याच्या ऐन क्षणी फोन मूक राहतो. वेगळे सिम घ्यावे, आणि ते शक्यतो ब्रॉडबँड देणाऱ्या कंपनीचे नसावे. मोबाइलचे मनोरे पुष्कळ ठिकाणी फायबरनेच मागे जोडलेले असतात. एकाच कंपनीची एकच मुख्य तार तुटली तर ब्रॉडबँड आणि मोबाइल दोन्ही एकदम जाऊ शकतात. कंपनी वेगळी असली म्हणजे दोन तारा एकाच चरातून जात नसतील असे नाही, पण धोका बराच कमी होतो.

राउटर कोठे ठेवावा हे सिमच्या ताकदीवर ठरते. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींत आतल्या कपाटावर ठेवलेला राउटर उपाशी मरतो. त्याच्या पडद्यावर `RSRP` नावाचा आकडा दिसतो. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे 90 पर्यंत निश्चिंत राहावे, उणे 110 च्या खाली गेला तर खिडकी बदलावी. जागा ठरवताना संध्याकाळीही वेग मोजून पाहावा, कारण सारी गल्ली फोन घेऊन बसली की दुपारचा वेग उरत नाही.

आता डेटाचा हिशेब. तो अंदाजाने न करता जमाखर्चासारखा मांडावा. विंडोजच्या संगणकात `Settings` मधील `Network & internet` आणि तेथील `Data usage` येथे गेल्या तीस दिवसांचा वापर, कोणत्या प्रोग्रामने किती खाल्ला यासह, मिळतो. समजा आपल्या उदाहरणातील चार संगणकांची बेरीज महिन्याला 60 जीबी आली. कामाचे 25 दिवस धरले तर रोजचे 2.4 जीबी होतात. आकडा पाहून मोठा पॅक घेण्याची घाई होते. पण खोलात गेल्यावर दिसते की यातला मोठा वाटा विंडोजची अद्ययावतीकरणे, छायाचित्रांची ऑनलाइन साठवण आणि कोणी पार्श्वभूमीला लावलेली गाणी यांचा आहे. पोर्टल, ईमेल आणि बँक यांना चौघांत मिळून रोज 600 एमबी लागत असतील, तर तोच खरा गरजेचा आकडा. त्यात ग्राहकाशी तासभराची चित्रफितीसह बैठक मिळवली, तर साधारण एक जीबी वाढतो. चित्र बंद ठेवून नुसत्या आवाजावर बोलले, तर तोच तास काही दहा एमबींत भागतो.

या हिशेबात सर्वांत मोठे भगदाड कॅमेऱ्यांचे असते. ऑनलाइन साठवण करणारा कॅमेरा सेकंदाला एक मेगाबिट या मंद गतीने चित्र पाठवत असला, तरी तासाला 450 एमबी आणि दिवसाला 10.8 जीबी होतात. दोन कॅमेऱ्यांचे 21.6 जीबी. रोज दोन जीबी देणारा पॅक अशा घरात फायबर तुटल्यापासून दोन-सव्वादोन तासांत रिकामा होतो, आणि कोणी संगणकाला हातही लावलेला नसतो. आतल्या खोलीत नातवंडांचे व्हिडिओ चालू असतील, तर त्याहूनही लवकर.

रोजची मर्यादा संपल्यावर बहुतेक पॅकमध्ये जोडणी बंद होत नाही, वेग 64 केबीपीएसवर येतो. तीन एमबीचे एक पान उघडायला त्या वेगाने सव्वासहा मिनिटे लागतात; तोवर पोर्टल कंटाळून बाहेर काढते. येथे राउटरही फसतो. `8.8.8.8` कडून होकार येतच असतो, म्हणून त्याच्या लेखी सिमची वाट ठणठणीत असते. फायबरचा दिवा लाल, सिमचा दिवा हिरवा आणि तरीही पान उघडत नाही, अशी स्थिती दिसली तर आधी डेटा उरला आहे का ते पाहावे.

बरेच जण संगणकावर `Metered connection` हा पर्याय चालू करून निश्चिंत होतात. ती सोय संगणकाने कोणत्या वाय-फायला जोडले आहे यावर चालते. राउटर आतून फायबर सोडून सिमवर गेला, हे संगणकाला कळतच नाही. वाय-फायचे नाव तेच असते. त्यामुळे तो पर्याय कायम चालू ठेवावा लागेल, किंवा खर्चाचे दार राउटरवरच बांधावे लागेल. दुसरा मार्ग चांगला. कार्यालयासाठी एक वाय-फाय आणि घरच्यांसाठी व कॅमेऱ्यांसाठी दुसरे, असे दोन भाग करावेत, आणि सिमच्या वाटेने फक्त पहिल्या भागाला जाऊ द्यावे. ज्या राउटरात हा नियम लिहिता येत नाही, तेथे घरचे वाय-फाय कंपनीच्या भिंतीवरच्या पेटीवरच चालू ठेवावे. जुने वाय-फाय बंद करण्याचा आधीचा नियम येथे हेतुपूर्वक मोडायचा: फायबर गेली की घरचे मोबाइल आणि कॅमेरे आपोआप थांबतात, कार्यालय मात्र नव्या राउटरवर चालू राहते. साध्या घरात हीच युक्ती सर्वांत सोपी पडते. (घरच्यांचा रोष तासाभराचा असतो, आणि त्यांच्या फोनला त्यांचा स्वतःचा डेटा असतोच.)

पॅक निवडताना रोजच्या मर्यादेपेक्षा महिन्याची एकगठ्ठा मर्यादा या कामाला बरी. महिन्यातले 27 दिवस काहीच लागत नाही आणि तीन दिवस भरपूर लागते. रोजचे दोन जीबी मध्यरात्री वाया जातात, साठत नाहीत. 20-25 जीबीचा एकगठ्ठा पॅक आपल्या उदाहरणातील कार्यालयाला, कॅमेरे बाहेर ठेवल्यास, बैठका धरूनही दोन आठवड्यांची खोळंबा-दुरुस्ती सहज सोसू देतो. प्रीपेड असेल तर वरून घेतलेला डेटा पॅक मूळ वैधता जिवंत असेपर्यंतच उपयोगी पडतो, हे विसरू नये. वैधता संपत आल्याचे संदेश राउटरमधल्या सिमवर येतात आणि तेथे ते कोणी वाचत नाही. रिचार्जची तारीख जीएसटीच्या तारखांच्या वहीतच लिहावी.

आता राजारामपुरीतल्या घरी परत जाऊ. वीस तारीख, दुपारचे चार. सूनबाई एका ग्राहकाचा कर नेट बँकिंगने भरत आहेत. खात्यातून रक्कम वजा झाल्याचा संदेश फोनवर आला आणि त्याच क्षणी पडदा थिजला. अर्ध्या मिनिटात राउटर सिमवर गेला, पण बाहेरचा पत्ता बदलल्याने बँकेने आणि पोर्टलने, दोघांनीही लॉगइन तोडले. जोडणी पुन्हा आली तरी चालू व्यवहार तुटतो. अशा वेळी घाबरून पुन्हा पैसे भरणे, ही महागडी चूक.

"अण्णा, पैसे गेले, पण चलन अजून 'इनिशिएटेड'च दाखवतंय."

"आता हात लावू नकोस, सूनबाई. आधी खात्याचं विवरण बघ."

चलनावरचा सीपीआयएन क्रमांक लिहून ठेवावा, पुन्हा लॉगइन करून रोख खातेवहीत रक्कम जमा झाली का ते पाहावे. पुष्कळदा ती काही तासांत जमा होते. बँकेतून वजा होऊनही ती जमा झाली नाही, तर पोर्टलवर जीएसटी पीएमटी-07 या नमुन्यात तक्रार नोंदवता येते. म्हणूनच मोठ्या रकमेचे चलन शेवटच्या दोन तासांसाठी ठेवू नये. चलन तयार केल्यापासून 15 दिवस वैध असते.

पत्ता बदलण्याचे आणखी दोन परिणाम आधीच माहीत हवेत. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे बाहेरून कार्यालयातल्या संगणकात थेट शिरण्याची जी व्यवस्था फायबरवर चालत होती ती सिमवर चालत नाही. आणि एखाद्या मोठ्या ग्राहकाच्या संगणकप्रणालीत आपला ठरावीक पत्ताच नोंदलेला असेल, तर सिमवरून ती दार उघडत नाही.

विजेचा विचार यानंतरचा असला तरी दुर्लक्षिण्याजोगा नाही. दोन्ही पेट्या सामान्यतः 12 व्होल्टवर, थोड्याच वॅटमध्ये चालतात. राउटरसाठी मिळणारा लहान यूपीएस त्यांना काही तास पुरतो. घरचा इन्व्हर्टर असला तरी तो घ्यावा, कारण वीज जाताना इन्व्हर्टरच्या क्षणभराच्या विलंबाने राउटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो, आणि तेवढ्यात चालू व्यवहार तुटतो.

बसवल्यावर खरी चाचणी घ्यावी. राउटरची तार उपसून पाहणे ही चाचणी नव्हे. तेवढे कोणत्याही राउटरला कळते. भिंतीवरच्या पेटीतून फायबरचे हिरवे टोक अलगद काढावे, त्याच्या तोंडाला बोट लावू नये, आत डोळा लावून पाहू नये, आणि लगेच टोपी घालावी. त्याआधी एका संगणकावर काळ्या खिडकीत पुढील आज्ञा द्यावी:

```
ping -t 8.8.8.8
```

ओळी धडाधड येत असतात, मग `Request timed out.` दिसू लागते, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात ओळी पुन्हा सुरू होतात. आता त्यांतला वेळ बराच जास्त दिसतो, कारण त्या मोबाइलच्या वाटेने येत आहेत. ओळी परतल्या, पण संकेतस्थळे नावाने उघडत नाहीत, असे झाले तर राउटर अजून ब्रॉडबँड कंपनीच्या डीएनएसकडे नावे विचारत आहे. तेथेही सार्वजनिक पत्ते भरावेत. ही चाचणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, काम कमी असताना घ्यावी. तिच्यात सिमची वैधता, उरलेला डेटा आणि यूपीएसची बॅटरी हे तिन्ही आपोआप तपासले जातात.

एवढे करूनही काही दिवस असे येतात की दोन्ही वाटा बंद असतात. 2019 आणि 2021 च्या पुरांत वीज नसलेल्या भागांत मोबाइलचे मनोरेही बॅटरी आणि डिझेल असेपर्यंतच उभे होते. जून 2023 मध्ये शहरात तणाव निर्माण झाला तेव्हा शासकीय आदेशाने इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवण्यात आली; तशा आदेशापुढे दुसरे सिमही निरुपयोगी. पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की कोल्हापुरातली जाणती माणसे तळमजल्यावरचा माल वर चढवू लागतात. राजारामपुरीतल्या या घरात त्याच दिवशी त्या महिन्याची विवरणपत्रेही काढून पाहिली जातात, आणि जी तयार असतील ती वीस तारखेची वाट न पाहता दाखल होतात.